चौथा माणूस

अकरमभाईंच्या कंपनीत मी तेवीस वर्षं हिशेब आणि विक्री दोन्ही सांभाळली. एवढ्या काळात त्यांच्याशी भांडलो नाही असा महिना गेला नसेल. तरी कुणी मला विचारलं, लातुरात धंदा कसा करावा, तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन.

मूळचे हे रेडिओ दुरुस्त करणारे. वडिलांचं गंजगोलाईच्या बाजारात दुकान होतं. भूकंप झाला तेव्हा हा पोरगेला माणूस सोल्डरिंगची पेटी घेऊन तंबूंच्या छावण्यांत गेला आणि लोकांचे रेडिओ फुकट चालू करून देत फिरला. पुढं गावात कोचिंग क्लासेसची रीघ लागली. एकेका क्लासला शंभर-शंभर संगणक लागायला लागले, आणि ते एकमेकांना जोडून द्यायचं काम अकरमभाईंनी धरलं. अभ्यास करून त्यांनी स्वतः नेटवर्किंगची परीक्षा दिली तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

आमचा माल, म्हणजे नेटवर्कची यंत्रं, यायचा अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीकडून. तिनं आपल्या विक्रेत्यांना पायऱ्या लावून दिलेल्या. तळाच्या पायरीवर कुणीही नाव नोंदवावं. मधल्या पायरीवर बसायचं तर पगारपत्रकावर चार प्रमाणित इंजिनिअर हवेत, म्हणजे त्या कंपनीची परीक्षा पास झालेले. वरच्या पायरीला डझनभर, त्यामुळं तिकडं आम्ही मान वर करून बघतही नव्हतो. मधल्या पायरीला माल स्वस्त मिळायचा. पण खरी गोम अधिकारपत्रात होती. मोठ्या टेंडरला, हा आमचा अधिकृत विक्रेता, असं सांगणारं कंपनीचं ते पत्र जोडावं लागायचं, आणि मधली पायरी सुटली की पत्र बंद.

यातली मेख अशी, की प्रमाणपत्र माणसाचं असतं, आपलं नसतं. माणूस हैदराबादला गेला की तेही त्याच्याबरोबर जातं. शिवाय तीन वर्षांनी त्याची मुदत संपते, पुन्हा परीक्षा आली. पोरं आम्ही शिकवायची आणि पुण्याच्या कंपन्यांनी उचलून न्यायची. मी म्हणायचो, परीक्षेची फी आपण भरतो, तर दोन वर्षांचा बाँड लिहून घ्या. अकरमभाई ऐकून घ्यायचे आणि चहा मागवायचे.

त्यांची तऱ्हा वेगळी. चार लागतात ना, मग पाच ठेवायचे. दोघांची मुदत एका महिन्यात संपू द्यायची नाही. सप्टेंबरअखेर कंपनी माणसं मोजते, म्हणून नव्या पोराची परीक्षा जुलैतच उरकायची. नापास झाला तर पुन्हा बसायला मध्ये थोडे दिवस थांबावं लागतं, त्याची सोय आधीच ठेवायची. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचा भाऊ पुण्यात आहे, कोण घरी हैदराबादची नावं घेतंय, याची त्यांना माझ्याआधी खबर असायची. मी त्याला भोचकपणा म्हणायचो, ते नियोजन म्हणायचे.

पण त्या वर्षी नियोजनाचे बारा वाजले. आमच्या पाचांपैकी अर्शी लग्न होऊन हैदराबादला गेली. ऑगस्टात भुजंगनं पुण्याची नोकरी धरली. पाचाचे तीन राहिले, त्यात एक अकरमभाई स्वतः. आणि नेमकं त्याच वेळी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं टेंडर निघालं, सगळ्या इमारती जोडायचं. आमच्या अख्ख्या वर्षाचं काम एका जागी. अर्ज ऑक्टोबरात भरायचा होता आणि अधिकारपत्राशिवाय तो करता येणार नव्हता.

चौथा माणूस म्हणून उरला सिद्धलिंग. रेणापूरचा, लातूरच्याच क्लासेसमध्ये घासून निघालेला, कामाला वाघ. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हैदराबादच्या केंद्रावर त्याला परीक्षेची जागा मिळाली. मी नांदेडच्या कामाचे आकडे मांडायलाही बसलो.

दर रविवारी अकरमभाई ऑफिसात चाचणी घ्यायचे. आधी लेखी प्रश्न, मग टेबलावर जुनी यंत्रं मांडून त्यात मुद्दाम बिघाड करून ठेवायचे आणि शोध म्हणायचे. परीक्षेच्या आधीच्या रविवारी सिद्धलिंगनं लेखी प्रश्नांचा फडशा पाडला. काही प्रश्न तर पुरते वाचायच्या आतच उत्तर. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग टेबलाकडं गेला. एका वर्गातले संगणक दुसऱ्या वर्गाशी बोलत नव्हते, एवढंच कारण शोधायचं होतं. तो केबल काढून लावत राहिला, घामाघूम झाला, आणि शेवटी हात खाली सोडून उभा राहिला.

अकरमभाईंनी शांतपणे विचारलं, अभ्यास कशावरनं केलास. त्यानं मोठ्या हौसेनं बॅगेतून छापील कागदांचा गठ्ठा काढला. परीक्षेत आलेले खरेखुरे प्रश्न, उत्तरांसकट, मित्रानं दिलेले. लपवायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मागच्या वर्षांचे पेपर पाठ करूनच तर लातूरची पोरं डॉक्टर झाली, ते पेपर इथं वह्यांच्या दुकानात मिळतात.

अकरमभाईंनी त्याला बसवून समजावलं. बोर्डाचे जुने पेपर बोर्डच बाहेर सोडतं. ही कंपनी आपले प्रश्न कधीच सोडत नाही, पुन्हा पुन्हा तेच वापरते. हे कागद कुणीतरी चोरून बाहेर आणलेत. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर नेणार नाही, असले कागद वापरणार नाही, यावर आपण सही करतो. सापडलं तर प्रमाणपत्र रद्द, पुन्हा बसायलाही बंदी. सिद्धलिंगनं गठ्ठा अकरमभाईंच्या पुढं सरकवला. सोमवारी अकरमभाईंनी त्याची परीक्षा पुढं ढकलली.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, सगळा मुलूख याच कागदांवर पास होतो. पोरानं जाणूनबुजून काही केलेलं नाही. आत्ता पास होऊ द्या, नंतर हवं तेवढं शिकवा. नांदेड हातचं घालवू नका. माझा आवाज बाहेरपर्यंत जात असणार, कारण बाहेरचे कीबोर्ड थांबले होते.

अकरमभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शेषेराव, नांदेडला नेटवर्क बंद पडलं तर तिथं कोण जाणार हाय? हे कागद का सिद्धलिंग?"

मी बाहेर आलो, पण राग गेला नाही. महिनाअखेर कंपनीच्या माणसाचा फोन आला, किती जण आहेत म्हणून. अकरमभाईंनी तीन सांगितलं. तो बिचारा चांगला होता, हळहळला, पण नियम नियमच. आम्ही तळाच्या पायरीवर आलो, अधिकारपत्र थांबलं आणि नांदेडचं काम औरंगाबादच्या एका फर्मला गेलं. ती दिवाळी आमची कोरडीच गेली. अकरमभाईंनी स्वतःचा पगार घेतला नाही, हे मला माहीत, कारण चेक मीच लिहायचो. आणि संतापाच्या भरात मी ज्याला हट्टी म्हणत होतो, त्या माणसाचा मला अभिमान वाटतोय, हेही तेव्हाच कळलं.

सिद्धलिंग मात्र त्या टेबलाला चिकटला. रोज काम संपलं की अकरमभाई बिघाड करायचे आणि तो शोधायचा. डिसेंबरात हैदराबादला जाऊन पास होऊन आला. मार्क काठावरचे, पण स्वतःचे. चार भरल्याचं कळवलं की कंपनी कधीही वर घेते, तशी मधली पायरी परत मिळाली.

पेढे घेऊन तो केबिनमध्ये आला, मी तिथंच होतो. पुडा टेबलावर ठेवून तो उभाच राहिला.

"भाई, नांदेडचं काम माझ्यामुळं गेलं."

"न्हाई रे," अकरमभाई म्हणाले. "तवा त्या कागदांवर पास झाला असतास तर काम मिळालं असतं, अन् तू कामातनं गेला असतास. बस खाली. आता पाचवी ती नवी आलेली शिवांगी. तिला टेबलावर उद्यापासून तू शिकवायचं."