सुभद्राने बदललेला पहिला प्रश्न

सुभद्रा परब लालबागच्या चाळीत वाढली. संपात गिरणी गेली, आणि वडील महादेव झोपेनासे झाले, भिंतीशी बोलू लागले. एके सकाळी मामांनी "कामाचं बघून येऊ" म्हणत त्यांना टॅक्सीत बसवलं आणि मनोरुग्णालयात नेऊन टाकलं. वडील परतले ते मनगटांवर दोरीचे वळ घेऊन. घरात त्यावर कधी कोणी बोललं नाही.

पुढे ती परळच्या एका रुग्णालयात मनोविकार वॉर्डाची समाजसेविका झाली. चाळिशी उलटल्यावर पीएचडीला विषय घेतला: वॉर्डातली जबरदस्ती रुग्णांनी कशी सोसली. मुलाखतीसाठी प्रश्न काढले. पहिलाच होता, "तुम्हाला बांधलं तेव्हा काय वाटलं?"

"बांधलंच असेल, हे तू आधीच ठरवलंस," तिचे मार्गदर्शक रमाकांत सर म्हणाले.

"बहुतेकांना बांधतात, सर."

"बरं. एक चाचणी मुलाखत घे, मग बोलू."

आपल्या वॉर्डातलं कोणी नको, म्हणून दुसरीकडे उपचार घेतलेल्या कौसल्याबाईंना तिने विचारलं. त्या तयार झाल्या. नायगावच्या त्यांच्या खोलीत रेकॉर्डर सुरू झाला.

"बांधलं होतं. पण त्याचं एवढं नाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "मुलगा म्हणाला होता, देवळात जाऊ. मी नवी साडी नेसले..."

"किती वेळ बांधून ठेवलं?"

कौसल्याबाई दाराकडे बघत खालच्या आवाजात म्हणाल्या, "आता काय बोलले तर मुलगा म्हणतो, परत टाकेन."

जिन्यात पावलं वाजली. "बंद करा ते! बरी आहे म्हणून सांगा त्याला," कौसल्याबाई कुजबुजल्या. मुलगा आत आला आणि दारातच उभा राहिला. सुभद्रा हसून उठली. पदर चाचपत कौसल्याबाईही हसल्या.

घरी तिने ते ध्वनिमुद्रण ऐकलं. साडीची गोष्ट सुरू होते आणि तिचा स्वतःचाच आवाज मधे घुसतो. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

संशोधकाने स्वतःविषयी ठेवायच्या टिपणात तिने लिहिलं: "मला त्यांच्या तोंडून बाबांचं ऐकायचं होतं. दोरी मी शोधत होते, त्या फसवणूक सांगत होत्या. शिवाय मी वॉर्डातलीच. दवाखान्याच्या माणसासमोर 'बरी आहे' म्हणणं हीच रुग्णाची सुटका असू शकते. मुलाखत घरी ठेवली, तीही त्यांना जागा न विचारता."

नव्या मसुद्यात पहिला प्रश्न झाला, "दवाखान्यात गेलात त्या दिवसाबद्दल सांगा." मग, कोणी काय सांगितलं, काय ठरवताना तुम्हाला विचारलं, नाही म्हटलं तर काय झालं, कधी आधार वाटला का. 'जबरदस्ती' हा शब्द समोरच्याने काढला तरच वापरायचा. जागा त्यांनी निवडायची, नातेवाईक बाहेर. वाटेल तेव्हा थांबायचं, त्रास झाला तर पुढे कोणाकडे जायचं ते आधीच ठरलेलं.

सरांना मसुदा पटला, नैतिकता समितीनेही मंजुरी दिली. त्याच आठवड्यात कौसल्याबाईंचा फोन आला. "ताई, माझं पुसून टाका. त्याला कळलं तर..."

"पुसते. तुम्हाला बाहेर कुठे भेटायचं असेल तर..."

"बाहेर मला एकटीला कोण सोडतंय?"

फोन कट झाला. सुभद्राने ध्वनिमुद्रण पुसलं, आणि मसुद्यातल्या 'जागा त्यांनी निवडायची' या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं.