सहा हजारांची खोली

व्याह्यांसमोर कमीपणा नको म्हणून रेवणाप्पा मगदूम काउंटरवर बोलून गेले, "सिंगल एसी द्या." आणि वर पदरचं जोडलं, "इन्शुरन्स आहे की."

समोरच्या मुलीने टकटक करून अर्जात भरलं. मागे उभे असलेले व्याही मल्लाप्पा हुक्कीरे मान डोलावून "हे बरं केलंत" म्हणाले. मिरजेतल्या या दवाखान्यात पित्ताशयातला खडा काढायला आलेला माणूस दोन खाटांच्या खोलीत पडला, हे निपाणीतल्या त्यांच्या तंबाखूच्या वखारीत कळलं असतं, तर आठवडाभर तेवढाच विषय झाला असता. निदान रेवणाप्पांचा तसा समज होता.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. मिरज-जत मार्गावर त्यांच्या गाडीत बारा वर्षांवरच्या पोराचं अर्धं तिकीट कधी निघालं नाही. पोरगं कितीही आखडून बसलं तरी रेवणाप्पा त्याला उभं करून बघत. सव्वा रुपयासाठी त्यांनी एका सरपंचाला भर उन्हात कवठे महांकाळच्या फाट्यावर उतरवलं होतं. हिशोबाला असा कडक माणूस, पण व्याही समोर आले की त्यांचं डोकं सुटीवर जायचं. मुलाच्या लग्नात हुक्कीऱ्यांनी दोन पंगती जास्त उठवल्या होत्या. तेव्हापासून हे असंच चाललेलं.

खोली मात्र झकास होती. खाट वर-खाली होत होती, टीव्ही होता, पाहुण्यांसाठी लांबलचक सोफा होता. मल्लाप्पा त्या सोफ्यावर आडवे झाले आणि नातेवाइकांना एकेक करून फोन लावू लागले: पाव्हण्यांना एकदम एसी खोली मिळालीय, संध्याकाळी बघायला या.

साडेबाराला विमा विभागातली सबिहा मुजावर हातात कागद घेऊन वर आली. त्याच सुमाराला मल्लाप्पा खाली चहाला गेले होते, एवढं नशीब.

"काका, तुमची पॉलिसी तीन लाखांची. खोलीभाडं रोज एक टक्का, म्हणजे तीन हजारांपर्यंतच मंजूर. ही खोली सहा हजारांची आहे."

रेवणाप्पांनी चटकन हिशोब केला. जादा सामानाचं जादा भाडं. "म्हणजे रोजचे तीन हजार मी द्यायचे. तीन दिवसांचे नऊ. देतो की."

"तेवढ्यावर भागलं असतं तर मी वर कशाला आले असते?" सबिहाने खुर्ची ओढली. मग तिने जे सांगितलं ते रेवणाप्पांना तीनदा ऐकावं लागलं. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे कंपनी निम्मंच धरणार. आणि निम्मं नुसत्या भाड्याचं नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या, सगळ्याचं निम्मं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या पूर्ण. असं मिळून जी रक्कम मंजूर होईल तिचा वीस टक्के वाटा पुन्हा काकांचा, कारण साठीनंतर पॉलिसी घेताना त्यांनी हप्ता कमी बसतो म्हणून तीच अट निवडली होती.

"पण ताई, डॉक्टर तोच ना?"

"तोच."

"टेबल तेच? चाकू तोच?"

"दुर्बिणीनं करतात, काका. पण हो, सगळं तेच."

"मग सहा हजारांच्या खोलीतल्या माणसाचा खडा महाग कसा?"

"दवाखान्याचे दर खोलीप्रमाणे ठरतात. मोठी खोली, मोठी फी. मी नाही ठरवलं." तिने कागदाच्या मागे आकडे मांडले. या खोलीत अंदाजे बिल एक लाख सोळा हजार. त्यात खोली आणि डॉक्टर वगैरे धरून नव्वद, त्याचे निम्मे, पंचेचाळीस मंजूर. औषधं-तपासण्या चोवीस. झाले एकोणसत्तर. त्यातला पाचवा हिस्सा वजा करून कंपनी देणार पंचावन्न हजार दोनशे. हातमोजे, नोंदणी असलं दोन हजारांचं काही मंजूरच होत नाही. काकांच्या खिशातून साठ हजार आठशे.

दोन खाटांच्या तीन हजारांच्या खोलीत सगळं मिळून एकोणनव्वद हजार. काकांचा वाटा एकोणीस हजार चारशे.

तीन दिवसांच्या सोफ्याचे एक्केचाळीस हजार चारशे. रेवणाप्पांनी सोफ्याकडे पाहिलं. पोस्टात पन्नास हजार होते, पण ते बायकोच्या, निलाव्वाच्या, कानाच्या यंत्राचे. दोन वर्षं झाली, ती बाई दाराची बेल वाजली तरी उठत नव्हती आणि नातवाचा फोन आला की नुसतं हसून मोबाईल परत द्यायची. यंत्र पुढच्या महिन्यात घ्यायचं ठरलं होतं.

"चार वाजेपर्यंत खोली बदललीत तर इथलं भाडं लागणार नाही, मी मंजुरीचा अर्जही सुधारून पाठवते," सबिहा म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर काही होत नाही. आणि तिकडे एकच खाट उरलीय."

मल्लाप्पा परत आले तेव्हा रेवणाप्पांनी सुरुवात एसीपासून केली. गार हवा सोसत नाही म्हणाले. मल्लाप्पांनी घंटी वाजवून दोन ब्लँकेटं मागवली आणि एक स्वतः घेतलं. मग एकट्याला करमत नाही म्हणाले. मल्लाप्पा म्हणाले, मी तिन्ही दिवस इथेच झोपतो, वखारीचं पोरं बघतील. अडीच वाजता रेवणाप्पांनी खिडकीबाहेरच्या चिंचेच्या झाडाबद्दल काहीबाही सांगून पाहिलं. मल्लाप्पांनी उठून पडदा ओढला.

"पाव्हणं, काय ते सरळ बोला," अखेर ते म्हणाले. "भाड्याचा फरक आहे का? नऊ हजार मी भरतो."

सुनेच्या बापाकडून नऊ हजार. त्यापेक्षा खडा पोटात ठेवून घरी गेलेला बरा. तीन वाजून गेले होते. रेवणाप्पांनी उशीखालचा कागद काढला, आणि गाडीतला हिशोब डेपोत द्यावा तशा आवाजात सगळं सांगून टाकलं; निलाव्वाच्या कानांसकट.

मल्लाप्पांनी कागद उलटा-सुलटा पाहिला. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं ब्लँकेट घडी करायला घेतलं.

"गेल्या साली माझ्या हर्नियाला तुम्ही बेळगावला आला होता."

"होय की. मोठी खोली होती तुमची. टीव्ही हिच्यापेक्षा मोठा."

"तुम्ही येणार असा फोन आला म्हणून घेतली. आधी दोन खाटांचीच होती." त्यांनी घडीवर हात फिरवला. "अडतीस हजार गेले माझे. घरात अजून कुणाला ठाव न्हाई. तुम्ही बसला किती वेळ? दहा मिनिटं."

"चहा पण घेतला नव्हता मी."

"तेच तर."

पावणेचारला दोघे निघाले. रेवणाप्पा सलाइनचा स्टँड ढकलत, मल्लाप्पा पिशवी, तांब्या आणि सफरचंदं घेऊन. एसी खोली बघायला लवकर आलेले तीन नातेवाईक जिन्यापाशीच भेटले. त्यांना मल्लाप्पांनी ठणकावून सांगितलं की डॉक्टर म्हणाले, पेशंटला माणसांत ठेवा. नवीन खोलीत शेजारी आष्ट्याचा एक गुऱ्हाळवाला होता. तो रात्रभर घोरला, पण त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बिल सबिहाच्या अंदाजाबरहुकूम आलं. पिशवीत मोजून एकोणीस हजार होते. वरचे चारशे मल्लाप्पांनी काउंटरवर ठेवले आणि पावती रेवणाप्पांच्या खिशात कोंबली.

ते चारशे परत देण्याचा रेवणाप्पांनी तीनदा प्रयत्न केला. एकदा निपाणीला जाऊन. मल्लाप्पा म्हणतात, मुलीच्या सासरचे पैसे घेत नसतात. रेवणाप्पा म्हणतात, हिशोब म्हणजे हिशोब. चारशेचं पाकीट सध्या सुनेकडे आहे, आणि ती म्हणते की दोघांपैकी कुणीच ते मागायला येत नाही.