गर्मीवर शेक

आमच्याकडे आजारी माणूस डॉक्टरला आजार सांगत नाही, आजाराचं आडनाव सांगतो. आणि ती आडनावं तीनच. गॅस, गर्मी आणि कमजोरी. छातीत दुखलं तरी गॅस, पाठीत उसण भरली तरी गॅस, सुनेशी भांडण होऊन डोकं चढलं तरी गॅसच डोक्यात गेला. तोंड आलं की गर्मी, लघवीला आग झाली की गर्मी. बाकी जे उरेल ते कमजोरी. डॉक्टर बिचारे काय तपासणार, कपाळ?

मी वर्ध्यात राहते. त्यामुळे सासरच्या गावाकडून ज्याला कुणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असतं, तो सकाळच्या एसटीने थेट माझ्या दारात उतरतो. मी शाळेत हिंदी शिकवायची, म्हणून डॉक्टरशी बोलायचं काम आपोआप माझ्याकडे. इथल्या दवाखान्यांत शिकाऊ डॉक्टर देशभरातून येतात. त्यांना पुस्तकी हिंदी येते, आमच्या लोकांना वऱ्हाडी, आणि मधे मी. खरं सांगते, दहावीच्या पोरांना व्याकरण शिकवणं परवडलं.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी मोठी नणंद आली, रोहण्याहून. वय साठीच्या आत-बाहेर. सोबत तिचे यजमान, आमचे भाऊजी. नणंदेचा चेहरा पिवळा पडलेला, ब्लाऊज खांद्यावर लोंबत होता. काय झालं विचारलं तर तिन्ही आडनावं एका दमात सांगितली. कमरेत गॅस धरते, अंगात गर्मी झाली, अन् कमजोरी तर विचारूच नको. गावाकडच्या एका दवाखान्यात दिवाळीपासून गॅसच्या गोळ्या अन् ताकदीची सलाईन चालू होती. सलाईन लावली की दोन दिवस बरं वाटायचं म्हणे. घरी सब्जा, धनेपाणी, गुलकंद. मेथी, अंडी, वांगं सगळं बंद. गर्मीचं पथ्य तिनं मनापासून पाळलं होतं. मला इतका राग आला की चहात साखर टाकायची विसरले.

दवाखान्यात आमच्या वाट्याला आली ती दक्षिणेकडची एक तरुण डॉक्टरीण. मुलगी चांगली होती, पण बाहेर रांग मारुतीच्या शेपटासारखी. तिनं विचारलं, काय त्रास आहे. नणंदेच्या आधी भाऊजींनीच तोंड उघडलं. गॅस. डॉक्टरनं ढेकर येतात का विचारलं, नणंद हो म्हणाली. पोट फुगतं का, हो. जळजळ? हो. आमच्याकडे डॉक्टरला नाही म्हणणं उद्धटपणाचं समजतात. तिनं शिंगं फुटली का विचारलं असतं तरी नणंदेनं मान हलवली असती. मग गर्मी. डॉक्टरला वाटलं ताप, तिनं थर्मामीटर लावलं. ताप नव्हता. कमजोरीसाठी रक्त तपासायला पाठवलं. पाळीचंही विचारलं, अगदी विचारलं, आणि भाऊजी म्हणाले, ते तर कधीचंच बंद झालं. खोटं नव्हतं. नातू झाला त्या वर्षी बंद झाली, नातू आता दुसरीत आहे.

रिपोर्ट आला. अंगात रक्त निम्म्याहून कमी. आता मात्र डॉक्टर चक्रावली. एवढं रक्त गेलं कुठे, संडासातून काळं जातं का, उलटीतून पडतं का. मी एकेक विचारत होते, आणि पहिल्यांदाच नणंद ठामपणे नाई म्हणत होती. डॉक्टर मला म्हणाली, त्या गर्मी म्हणतात म्हणजे नेमकं काय होतं त्यांना? मी नणंदेला विचारलं, गर्मी म्हणजे काय होते तुमाले? ती म्हणाली, गर्मी म्हणजे गर्मीच, अजून काय. आता बोला. मला दोघींचाही राग आला, आणि भाऊजींचा तर फारच. ते मधेमधे सांगत होते की हिले बाहेरचं तेलकट सोसत नाई.

शब्दाचा अर्थ विचारून काही निघत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं आहे. त्या शब्दापायी माणसानं काय करायचं सोडलं, ते विचारावं लागतं. रोजचं कोणतं काम सोडलं, कुठं जाणं सोडलं. आणि तेव्हा मला केळझर आठवलं. संक्रांतीनंतरच्या चतुर्थीला आम्ही सगळे केळझरच्या गणपतीला गेलो होतो. ही बाई वर आलीच नाही. खाली गाडीतच बसून राहिली, म्हणाली पायऱ्या चढून गॅस चढते. पण प्रसादही तिनं हातात घेतला नव्हता, पदरात टाक म्हणाली होती. जी बाई उपास सोडायला चंद्राची वाट बघत गच्चीवर उभी राहते, ती प्रसादाला हात लावत नाही?

मी भाऊजींना म्हटलं, खाली जाऊन तेवढा कार्डावर शिक्का मारून आणा. ते गेले. मग मी नणंदेजवळ सरकून हळूच विचारलं, "केळझरले तुमी वर काऊन नाई आल्या?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "गर्मी पडून राह्यली होती ना. देवाजवळ कशी येऊ?"

अंगावरून लाल जात होतं. बंद होऊन इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा. कधी डाग, कधी कपडा बदलावा लागेल एवढं. दिवाळीच्याही आधीपासून. तिला ती पाळी वाटलीच नाही, कारण पाळी संपली होती. ती अंगातली उष्णता बाहेर पडत होती. पडते तर पडू द्यावी, शरीर मोकळं होते, असं तिला शेजारच्या दोघीतिघींनी सांगितलं होतं. आणि तरी बाईनं घरच्या देवांची पूजा सुनेकडे दिली होती. म्हणजे मनात कुठेतरी माहीत होतंच. देवाला सांगितलं, डॉक्टरला नाही. गावाकडच्या डॉक्टरला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, सांगतलं ना, गर्मी झाली म्हणून.

मी डॉक्टरला हिंदीत सगळं सरळ सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि नणंदेला पडद्याआड नेलं. तपासून बाहेर आली तेव्हा तिचा चेहराच बोलत होता. तुकडा काढून तपासायला पाठवला. रक्त चढवायला दोन दिवस भरती केलं. पुढे सोनोग्राफी, आणखी एक मोठा फोटो, आणि मग रिपोर्ट. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. आजूबाजूला सरकलेला होता, म्हणून ऑपरेशन करून उपयोग नव्हता. पण आशा सोडण्यासारखं नव्हतं. पाच-सहा आठवडे जवळजवळ रोज रेडिएशन, मधे आठवड्याला एक सलाईनमधून औषध, नंतर आतून रेडिएशन. पूर्ण केलं तर बरं होण्याची चांगली आशा आहे, पण उशीर करू नका, असं डॉक्टरनं मला दोनदा बजावलं.

रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. शेक घेतला, शेक चालू आहे. सगळ्यांना कळतं. दवाखान्यातला स्टाफही तेच म्हणतो.

व्हरांड्यात भाऊजींनी माझ्यापुढे हात जोडले. तिच्यासमोर नाव काढू नका, नाव ऐकलं तर ती हाय खाईल, आठ दिवसांत जाईल. मी म्हटलं, असं लपवून चालत नाही. ते म्हणाले, मी सांगतो तिले. आणि त्यांनी सांगितलं. काय सांगितलं? की तुले आतून गर्मीचा फोड झाला आहे, शेक घ्यावा लागते.

दोघांना घेऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी शेकाची जागा आखायला, अंगावर खुणा करायला बोलावलं होतं. सकाळी बघते तर ही पिशवी भरून बसलेली. म्हणे मी रोहण्याले चालली. काय झालं विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गातल्या ढ पोराकडे मी बघायची. गर्मीच्या फोडावर शेक देतात का? अंगात आधीच आग, तिच्यावर अजून आग? त्यापेक्षा मी सब्जा पिईन, थंड खाईन, बरी व्हायची तर त्यानंच होईन.

आणि तिचं काय चुकलं? तिच्या हिशेबानं एकदम बरोबर होतं. गर्मीवर शेक म्हणजे विस्तवात रॉकेल. मी मागच्या पंधरा दिवसांत त्या एका शब्दाशी डोकं फोडून त्याच्या मागचं रक्त बाहेर काढलं होतं, आणि आमच्या शहाण्या माणसानं तोच शब्द पुन्हा तिच्या ओटीत घातला होता. आता त्या शब्दापायी ती मरायला निघाली होती. भाऊजी बाहेर खुर्चीवर बसून खिडकीतून मला नको-नको अशा खुणा करत होते. त्यांनी समजवायचा प्रयत्न केला होता म्हणे. थंडा शेक आहे असं सांगितलं होतं. थंडा शेक! मला खिडकीच लावून घ्यावीशी वाटली. घेतलीही.

मग मी तिच्यासमोर पलंगावर बसले. "ताई, ती गर्मी नाई. ती कधीच गर्मी नव्हती. तुमाले कॅन्सर आहे. शेक त्याच्यावरच असते."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मी तिच्या रडण्याची वाट पाहत होते, हाय खाण्याची, भोवळीची. पाण्याचा तांब्याही भरून ठेवला होता. तिनं विचारलं, शेक घेतल्यावर राहते का माणूस. मी म्हटलं, डॉक्टर म्हणते आशा आहे, पण उशीर करू नका म्हणते. तिनं विचारलं, रोज यावं लागते का. मी म्हटलं, जवळजवळ रोज, इथूनच जायचं.

तिनं पिशवीतून दोन लुगडी काढून पलंगावर ठेवली. मग म्हणाली, "तुमाले सगळ्यायले माहीत होतं, अन् मले गर्मी गर्मी करून राह्यले? गर्मीले शेक नाई देत, इतकं तर मले समजते."

ती उठली, पदर सावरला आणि बाहेर गेली. भाऊजी खुर्चीवर डोकं धरून बसले होते. ती त्यांच्याजवळ उभी राहिली आणि भेदरलेल्या पोराला सांगावं तसं हळू आवाजात म्हणाली, "अवो, मले कॅन्सर आहे. चाला, दवाखान्यात उशीर होऊन राह्यला. भेऊ नोका."