शून्य कुठे धरायचं

सिल्वासाच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला आलो तो मनाविरुद्ध, आणि तो राग पोरांवर काढायचो. एक मुलगी तर माझ्या डोक्यातच जायची. नरोलीच्या चाळीत राहणारी, बाप धाग्याच्या कारखान्यात. मी फळ्यावर काही लिहिलं की हिचा हात वर.

अंतर्गत परीक्षेत मी विचारलं होतं: ऊर्जेच्या दोनच पातळ्या, त्यांच्यातलं अंतर kT, म्हणजे त्या तापमानाला मिळणाऱ्या ऊर्जेएवढं. पार्टिशन फंक्शन काढा, आणि वरच्या पातळीत किती टक्के कण असतील ते सांगा. माझं उत्तर तयार होतं. खालची पातळी शून्यावर, म्हणून तिचा बोल्ट्झमन घटक, म्हणजे कणांच्या वाटणीतलं तिचं वजन, १. वरचीचा e⁻¹, म्हणजे ०.३७. बेरीज १.३७, तेच पार्टिशन फंक्शन. तिच्या पेपरात २.२६ होतं. मी लाल रेघ मारली आणि पुढे वाचलंही नाही. तेवढ्यावर ती नापास झाली, आणि अंतर्गत परीक्षेत नापास म्हणजे सेमिस्टरला बसता येत नाही.

पेपर वाटले तेव्हा ती टेबलाशी आली. "सर, खाली तं बघा ना."

"चोर तो चोर, वर शिरजोर! फोनवरून उतरवलंस ना?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. दोघंतिघं हसले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. "हिंमत असेल तर फळ्यावर सोडव."

तिने खडू उचलला. "सर, तुम्ही शून्य खालच्या पातळीवर धरलं, मी दोन्हींच्या मधे. आमच्या चाळीचा जिना रस्त्यावरून मोजा की ओट्यावरून, वरची खोली खालच्या खोलीपासून तेवढीच उंच राहते." तिच्या पातळ्या अर्धा kT खाली आणि अर्धा kT वर. घटक १.६५ आणि ०.६१, बेरीज २.२६. मग तिने ०.६१ ला २.२६ ने भागलं: ०.२७. शेजारी माझं ०.३७ भागिले १.३७ मांडलं. तेही ०.२७.

"माझे दोन्ही घटक तुमच्यापेक्षा सारख्याच पटीने मोठे आहेत," ती म्हणाली, "म्हणून बेरीजही तेवढ्याच पटीने मोठी. भागाकारात ती पट उडून जाते."

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. मला सगळं कळलं होतं, तरी मी म्हणालो, "तास संपला," आणि पेपर हिसकावून निघून आलो.

स्टाफरूममध्ये पेपर उघडला. माझ्या लाल रेघेच्या दोनच ओळी खाली स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: सत्तावीस टक्के. शिवाय माझ्या प्रश्नात शून्य कुठे धरायचं हे लिहिलेलंच नव्हतं. भयंकर लाज वाटली, आणि तिचा आणखीच राग आला.

नापासांची यादी ऑफिसात जायच्या आत मी मार्क बदलले. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात दिसली. मी उपकार केल्यासारखं म्हणालो, "जा, वाढवलेत तुझे मार्क."

तिने मान वर केली. "वाढवले नाहीत, सर. माझे मला दिले. आणि चोर म्हणालात ते वर्गासमोर म्हणालात."

ते वर्गासमोर मागे घ्यायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही. त्यानंतर तिने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.