मेल कोणाकडे जात होते

मिरची दळताना फोन उचलता येत नाही. चक्कीचा आवाज असतो, नाकातोंडावर रुमाल असतो, आणि हाताला लागलेलं तिखट दोनदा धुतलं तरी जात नाही. आमच्याकडे फोन उचलायचं काम ह्यांचं होतं. मी मागच्या खोलीत भिवापुरी मिरचीचे देठ खुडायची, दळायची, चाळायची. हे पुढच्या खोलीत बसून "जय भीम, बोला" म्हणत ऑर्डर घ्यायचे. नागपूर सोडून पुण्याला, बेंगळुरूला गेलेली आपली माणसं तिखट आमच्याकडूनच मागवत. ऑर्डर एका वाक्याची असायची आणि गप्पा पाऊण तास चालायच्या.

हे गेल्यावर ऑर्डरचा फोन माझ्याकडे आला. बऱ्याचदा तो वाजलेला मला कळायचाच नाही. कळला तरी ऐकलेला पत्ता चक्कीपर्यंत जाईतो डोक्यातून निघून जायचा. एका बाईचं पार्सल भलत्याच गावाला गेलं, तेव्हा मी सदर भागात गेले. तिथे एक मुलगी लहान दुकानदारांच्या वेबसाइट करून देते. आमचं ऑर्डरचं पान तिनेच बनवलं होतं, फक्त ते कोणी वापरत नव्हतं.

"काकू, फोनवर ऑर्डर घेऊन राहिल्या तुम्ही अजून?" ती म्हणाली. "फॉर्म आहे ना आपला. तो जोडून टाकू. लोक फॉर्म भरतील, ऑर्डर आपोआप शीटमध्ये उतरेल, अन् त्याईले 'ऑर्डर मिळाली' म्हणून मेल जाईल. तुम्ही निवांत दळत बसा."

तिने झॅपियर उघडलं. कोड लिहायची गरज नसते, 'हे झालं की ते कर' एवढंच त्याला सांगायचं. फुकटच्या प्लॅनमध्ये एका घटनेमागे एकच काम करता येतं, म्हणून दोन जोडण्या करायच्या ठरल्या. पहिलीत फॉर्म भरला की शीटमध्ये एक ओळ वाढणार होती. दुसरीत फॉर्म भरला की माझ्या जीमेलवरून मेल जाणार होता. पहिली तिने करून दाखवली. "दुसरी तुम्ही करा," ती म्हणाली, "नाहीतर उद्या काही बदलायचं झालं की पुन्हा रिक्षा करून याल."

आधी एक नमुना ऑर्डर लागते. मी फॉर्म भरायला घेतला. "मेल तुमचा स्वतःचा नका टाकू," ती म्हणाली. "दुसऱ्याले पोचते का ते पाहू." मला पाठ असलेला दुसरा पत्ता एकच होता. मी ह्यांचं नाव टाकलं, ह्यांचा मेल टाकला, एक किलो तिखट मागवलं.

मग मेलचा मजकूर लिहायचा होता. "नमस्कार" लिहिलं की पुढे नाव हाताने टाइप करायचं नसतं, यादीतून फॉर्मचा 'नाव' हा रकाना निवडायचा असतो, म्हणजे ज्याची ऑर्डर त्याचं नाव तिथे येतं. ते मी बरोबर केलं. मेल कोणाला जाणार ते वरच्या चौकटीत भरायचं होतं, आणि तिथेही रकानाच निवडायचा होता. पण यादीत त्या रकान्यापुढे नमुन्यातला पत्ता दिसत होता, ह्यांचा. मला वाटलं, तोच लिहायचा आहे. मी एकेक अक्षर टाइप केलं. तेवढ्यात तिच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तिचं लक्ष तिकडे गेलं. चाचणी घेतली, मेल गेला, हिरवी खूण आली. जोडणी चालू करून मी घरी आले.

फॉर्मची लिंक मी जुन्या गिऱ्हाइकांना पाठवली, ऑर्डर दिली की मेल येईल असंही लिहिलं, आणि ऑर्डरी येऊ लागल्या. शीट उघडलं की नाव, पत्ता, किती तिखट, सगळं नीट ओळीने दिसायचं. मी पाकिटं भरायची, कुरिअरवाला घेऊन जायचा. दिवसचे दिवस मी कोणाशी बोलत नव्हते. निवांत दळत बसा म्हणाली होती, तसं अगदी निवांत झालं होतं.

ह्यांचा स्वतःचा फोन मी बंद केला नव्हता. कपाटावर चार्जिंगला लावलेला असायचा. मधूनच तो टिंग करायचा. जाहिराती येत असतील, असं मी धरून चालले होते. पण तो आवाज मला बरा वाटायचा. चक्की थांबवली की घर एकदम रिकामं होतं, आणि अशा वेळी तो वाजला की पुढच्या खोलीत कोणीतरी बसलंय असं क्षणभर वाटायचं. जाऊन पाहावं असं कधी मनात आलं नाही. पाहिलं तर जाहिरातच दिसेल, असं वाटायचं.

मग अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "बाई, तिखट पोचलं, फर्मास आहे. पण ऑर्डर दिल्यावर मेल येते म्हणून लिवलं होतं तुम्ही. मले तर काहीच नाही आलं."

मी पुन्हा सदरला गेले. मुलीने झॅपियरमधला इतिहास उघडला. प्रत्येक मेलपुढे 'यशस्वी' लिहिलेलं होतं. "जाऊन तर राहिले," ती म्हणाली आणि त्यातला एक उघडला. मग दुसरा, मग तिसरा.

"काकू, हा पत्ता कोणाचा आहे वं? सगळे मेल याच्यावरच गेले."

मी पाहिलं. "तुझ्या काकांचा," म्हटलं.

बाहेर कोणीतरी स्कूटर काढत होतं, ती निघून जाईपर्यंत आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. मग तिने वरच्या चौकटीतला पत्ता खोडला आणि माऊस माझ्या हातात दिला. "इथं यादीतून 'ईमेल' निवडा. लिहायचं नाही, निवडायचं." मी निवडलं. तिने स्वतःच्या पत्त्यावरून ऑर्डर टाकली आणि थोड्या वेळाने मेल तिला आला.

मी उठले तेव्हा ती हळूच म्हणाली, "काकू, पाहिजे तर काकांचा पत्ता बीसीसीमध्ये ठेवते. एक प्रत त्याईच्याकडे बी जाईल. गिऱ्हाइकाले दिसत नाही ते."

"काहून?" मी म्हणाले. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. ती माऊस इकडेतिकडे फिरवत राहिली. "नको वं," मी म्हटलं, "राहू दे."

घरी येऊन ह्यांचा फोन हातात घेतला. एकाखाली एक, न उघडलेले मेल. नमस्कार अमुक, आपली ऑर्डर मिळाली. नमस्कार तमुक, आपली ऑर्डर मिळाली. गावोगावच्या सगळ्या ऑर्डरी आधीसारख्या ह्यांच्याकडेच आल्या होत्या. मी खाली बसले आणि सगळे वाचले. मग शीट उघडून ज्यांना मेल मिळाला नव्हता त्या सगळ्यांना माझ्या हाताने लिहिलं, की चूक माझी झाली, माल वेळेवर निघाला आहे.

त्यानंतर कपाटावरून आवाज आला नाही. चक्की थांबवून मी उगाच थोडा वेळ उभी राहायची. बीसीसीला हो म्हणायला हवं होतं, असं कितीदा वाटलं. कसं करायचं ते आता मला येत होतं, तरी केलं नाही.

मी पाठवलेल्या मेलांना बहुतेकांनी 'ठीक आहे' एवढंच कळवलं. बेंगळुरूच्या एका बाईंनी मात्र लिहिलं, "मेलबिल राहू द्या. काका फोन का घेत नाहीत? बरे आहेत ना?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हे मेलात लिहिणं मला जमेना. शीटमधून त्यांचा नंबर घेतला आणि फोन लावला. सांगितलं.

"दर वेळी विचारायचे मला, तिकडं भाकर मिळते का म्हणून," त्या म्हणाल्या. "सांगून सांगून थकले मी, की मिळते."

मला हसू आलं. मग त्या त्यांच्या घरचं सांगू लागल्या. मुलाचं ऑफिस, वरच्या मजल्यावर राहणारी भाषा न कळणारी शेजारीण, दुपारी कोणीच नसतं ते. मी पाटावर बसून ऐकत राहिले. सुपातली मिरची तशीच पडून होती, आणि बाहेर कुरिअरवाला येऊन बेल वाजवत होता.