खांबाच्या सावलीसकट रांगोळी

आमच्या मराठी मंडळाच्या अंगणात नवी कोटा फरशी बसली, तेव्हा अध्यक्षांनी तिचं ‘लोकार्पण’ करायचं ठरवलं. अंगण चाळीस वर्षं आमचंच होतं, पण लखनौत राहून माणसाला सरकारी शब्दांची चटक लागते.

स्मरणिका सोहळ्याआधी आठ दिवस छापायला जाणार होती आणि मुखपृष्ठावर रांगोळी घातलेलं अंगण हवं होतं. हातात होता तो रिकाम्या अंगणाचा फोटो. बँकेत असताना मी गृहपत्रिकेची पानं लावायचो, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मंडळाची रांगोळी दरवर्षी काकू काढत. रेल्वेतून निवृत्त झालेल्या इंजिनियरच्या त्या पत्नी, मूळ नागपूरच्या, वय सत्त्याहत्तर. अलीगंजला त्यांच्या घरी गेलो, तर सोहळ्याची तयारी आधीच सुरू होती. अमीनाबादहून आणलेली रांगोळी त्या चाळत बसल्या होत्या.

“यंदा गुडघा म्हणतोय, हे शेवटचं,” त्या म्हणाल्या. “पण नव्या फरशीवर पहिली रांगोळी माझीच हं.”

“तुमचीच,” मी म्हणालो. “मुखपृष्ठासाठी आज एक छोटी काढून द्या. तिचा फोटो म्हणजे नुसता नमुना.”

गच्चीवर त्यांनी ठिपक्यांचं चौकोनी कमळ काढलं. मी स्टुलावर उभा राहून बरोबर वरून फोटो घेतला. घरी संगणकावर ते कमळ तसंच अंगणाच्या फोटोत ठेवलं, तर भिंतीला टेकवलेल्या कॅलेंडरसारखं उभं दिसू लागलं. मग फरशांचाच आधार घेतला. चार बाय चार फरशांचा चौकोन धरला आणि रांगोळीचे चार कोपरे त्याच्या चार कोपऱ्यांवर ओढून बसवले. मागची कड आखूड झाली, मागचे ठिपके बारीक होऊन जवळ आले, कमळ जमिनीवर आडवं झालं. फोटोत अंगणातल्या खांबाची सावली जिथून जात होती तिथे पांढरा रंग काळसर केला. खूश होऊन काकूंना दाखवायला गेलो.

त्यांनी चष्मा पुसला. “हे स्टिकर आहे.”

“का?”

“फटीवरून रेघ इतकी अखंड जाते का कधी? भुकटी फटीत पडते, रेघ तिथे तुटते. आणि दगड खडबडीत असला की कड अशी सुरीने कापल्यासारखी येत नाही. उभा जन्म बँकेत काढलात, जमिनीकडे कधी पाहिलं नाहीत.”

मी फरशीच्याच फोटोतल्या उजेड-अंधाराची जाळी करून रांगोळीवर लावली. फटींपाशी रेघा तुटल्या, दगडाचे खळगे पांढऱ्यातून दिसू लागले. काकूंना पुन्हा नेऊन दाखवलं. “आता पडली,” त्या म्हणाल्या. रांगोळी जमिनीवर पडली, एवढाच त्याचा अर्थ. माझी छाती मात्र फुगली.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी चित्र मोठ्या पडद्यावर पाहिलं. “अरे वाह! यार, ही तर असली से भी असली. मग फरशी खराब कशाला करायची? आयुक्तसाहेब येणार, बुटांना भुकटी लागेल. यातूनच कापून मोठी प्रिंट काढा, चिकटवून टाकू. धुता पण येईल.”

“पण काकू…” सचिव म्हणाले.

“काकूंना पहिल्या रांगेत बसवू. शाल देऊ. त्यांचा गुडघा पण वाचेल.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोटोतून कापलेली, मागे आखूड केलेली रांगोळी जमिनीवर दबलेली दिसेल, एवढं तांत्रिक तरी मी सांगू शकलो असतो. काकूंना शब्द दिलाय, हेही. पण नुकतीच माझी स्तुती झाली होती. मी चहा प्यायलो.

सोहळा संध्याकाळी होता. काकू रांगोळीचा डबा घेऊन दोन तास आधीच आल्या आणि दारातच थांबल्या. अंगणात प्रिंट चिकटवलेली होती. पुढे रुंद, मागे निमुळती, कमळ दबून लांबट झालेलं. छापलेल्या फटी एकीकडे तिरक्या धावत होत्या, खऱ्या फटी दुसरीकडे. ऊन उतरून गेलं होतं, तरी खांबाची सावली रांगोळीवर तशीच पसरली होती.

लोक त्यावर उभे राहून सेल्फी घेत होते. अध्यक्ष म्हणाले, “देखिए काकू, तुमचीच डिझाइन!”

काकू गुडघा धरून वाकल्या. सावलीवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. भुकटीचा कणही लागला नव्हता.

“फटी छान जमल्यात तुम्हाला,” त्या मला म्हणाल्या. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

शालीसाठी त्या थांबल्या नाहीत. मी रिक्षा बोलावली आणि डबा धरायला हात पुढे केला. रिक्षात बसून त्यांनी डबा मांडीवर घेतला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “सांडेल.”