निर्वो ९ च्या वर्णनाची पहिली ओळ

खारदांड्याची कल्पिता नक्की काय काम करते, हे घरात कुणालाच धड कळलेलं नव्हतं. मालाडला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मिहिरचं मोबाइलचं चॅनेल चालायचं. मिहिर कॅमेऱ्यासमोर नव्या फोनचे खोके उघडायचा आणि व्हिडिओखालचं वर्णन कल्पिता लिहायची. तिच्या आईने, मथुराने, मासळी बाजारात सांगून टाकलं होतं की पोरगी टीव्हीत लिहिते. कल्पितानेही दुरुस्त करायचा नाद सोडला होता.

वर्णन म्हणजे चार ओळी खरडणं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा बसून लिहून दाखवावं. निर्वो ९ आला तेव्हा तिने आधी शोधाच्या चौकटीत नुसतं फोनचं नाव टाकलं आणि खाली काय काय सुचवलं जातंय ते पाहिलं. लोक विचारत होते: निर्वो ८ की ९, ९ आणि ९ प्रोमध्ये फरक काय, बॉक्समध्ये चार्जर येतो का, सहा जीबी घ्यावा की आठ. आणि पुन्हा पुन्हा एकच: पंधरा हजारांत वॉटरप्रूफ फोन. मग तिने सगळं बसवलं. रॅम आणि स्टोरेजचे तिन्ही प्रकार, डिस्प्ले, बॅटरी, चार्जरचे वॅट, कितव्या मिनिटाला काय आहे ते. खाली स्वच्छ लिहिलं: "९ प्रो आयपी ६८, गोड्या पाण्यात बुडाला तरी ठरावीक वेळ टिकतो. साधा ९ आयपी ६४, फक्त शिंतोडे सोसतो, बुडवू नये." पंधरा हजारांत येणारा होता तो साधा.

पहिली ओळ मात्र मिहिरने सांगितली तशी केली: "पंधरा हजारांत वॉटरप्रूफ फोन? निर्वो ९ आणि ९ प्रो अनबॉक्सिंग मराठीत."

"अरे, पण साधा वॉटरप्रूफ नाहीये ना," ती म्हणाली होती.

"प्रश्नचिन्ह टाकलंय ना यार! लोक जे शोधतात ते वर, खरं काय ते खाली. खोटं कुठे लिहिलंय आपण?"

खोटं नव्हतंच. म्हणून तिने व्हिडिओची लिंक मोठ्या तोऱ्यात दांड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. काहीजणांनी तर व्हिडिओ न उघडताच अंगठा दिला, आणि तेही तिला गोड लागलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती पुढल्या फोनची तुलना लिहीत बसली होती, तेव्हा मथुराचा फोन आला.

"कल्पिता, तुझा बाबा अजून आला नाय गो."

बाबा, म्हणजे चंदर, लहान होडीवर एकटाच जायचा आणि उन्हं तापायच्या आत परतायचा. आता जेवणवेळ टळून गेली होती.

"फोन लाव ना त्याला."

"लावते तर बंद येतो. नवाच तर फोन हाय. तुझाच."

"माझा कुठला?"

"तू लिवलेला! काल खार स्टेशनवरून घेऊन आला. तुला आज रात्री दाखवणार होता. पिशवी नको म्हनाला, आपल्या पोरीने लिवलंय, पान्यातला फोन हाय."

कल्पिता ताडकन उठली. आजवर बाबा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गळ्यात अडकवायचा. त्या पिशवीची ती कितीदा थट्टा करत आली होती.

"आई, खोक्यावर काय लिहिलंय? नऊच्या पुढे प्रो आहे का बघ."

मथुराने वेळ घेतला. खोका हातात धरून ती अक्षर अक्षर लावत असावी.

"नुसता नऊ हाय गो. का?"

आलेच, म्हणत कल्पिताने फोन ठेवला. तिने बॅग उचलली, मिहिरला काय सांगितलं ते तिचं तिलाही आठवलं नाही, आणि रिक्षात बसली. अख्खा रस्ता ती एकच नंबर लावत राहिली. इंजिन बंद पडलं, वारा फिरला, कुणी मोठी बोट अंगावर आली, तर बाबाच्या हातात हाक मारायला एक फोनच होता. लहान होडीवर वायरलेस कुठला असणार? तो फोन आपण बंद पाडला, असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं कशानेही हटत नव्हतं. तिला देवाचं नावही धड घेता येत नव्हतं, मध्येच ती पहिली ओळ यायची.

बंदरावर मथुरा पाण्याकडे बघत उभी होती. दोन होड्या शोधायला गेल्या होत्या, पोलिसांनाही कळवलं होतं. कल्पिता तिच्या शेजारी उभी राहिली. आईला खरं सांगायचं तिने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा होड्यांचंच विचारलं. भीती वाटत होती, आणि लाजही. ऊन उतरलं तेव्हा ती दगडावर बसली.

संध्याकाळ व्हायच्या बेताला वेसाव्याची एक बोट चंदरच्या होडीला दोर लावून ओढत घेऊन आली. चंदर होडीच्या पुढल्या टोकाला, नाळेवर बसलेला होता, धडधाकट. मथुराने त्याला आधी शिव्या घातल्या आणि मग रडली.

"जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं," तो म्हणाला. "वाकून काढायला गेलो तर फोन खिशातून सटकला, होडीच्या तळात पानी होतं त्यात पडला. लगेच उचलला. म्हटलं, चालेल. एकदा स्क्रीन पेटली आन् गेला."

कल्पिता रडत रडत त्याला बिलगली. मग तिनेच आपला मोबाइल काढला, वर्णन उघडलं आणि खालची ओळ दाखवली. चंदरने बोट ठेवून ती वाचली.

"हे लिवलंयस की बरोबर."

"तू वाचलं नाहीस?"

"मी कुठं उघडलं? ग्रुपवर तो फोटो आला, त्याच्याखाली हे दिसलं, वॉटरप्रूफ." त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "मंग हे वर लिवाचं ना गो."

तिने तिथेच, मिहिरला न विचारता, पहिली ओळ बदलली: "निर्वो ९ पाण्यात टिकत नाही." मग धावत ग्रुप उघडला. तिथे तिची जुनी लिंक तशीच होती. वर्णन बदललं तरी पाठवलेल्या संदेशाखालची ओळ बदलत नाही, हे तिच्या कामातलंच, तिला ठाऊक असलेलं. सगळ्यांसाठी पुसायची मुदतही उलटली होती. तिने खाली नवा संदेश टाकला, मोठ्या अक्षरांत. तो कोण वाचणार, आणि कोण नुसता अंगठा देणार?

"बाबा, अजून कुणी घेतला हा फोन?"

चंदरने डोकं खाजवलं. "अंबादासने घेतला ना. आमी बरोबरच गेलो दुकानात. त्याचीपन होडी लहान. आज दुपारी गेला असंल, रात्रीचं जाळं टाकनार होता, आता सकाळीच येनार."

कल्पिता बोळातून पळत अंबादासच्या घरी गेली. दारात त्याची बायको सुगंधा सुकट निवडत बसली होती. कल्पिताचा अवतार बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"सुगंधाकाकी, काकांनी फोन नेलाय का? पिशवीत घालून नेलाय का?"

सुगंधा हसली. "पिशवी कशाला? पान्यातला फोन हाय म्हनं. या खेपेला मला तर बिलकूल काळजी नाय गो, तूच लिवलंयस ना."